अंजनाच्या मापाचा खण

बेळगावच्या खासबागेत गंगव्वाचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. मशीन खिडकीला लावलेलं, शेजारी पाट, पाटावर कात्री. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बाकीची भिंत आकड्यांनी भरलेली. नाटकात पडदा उघडला की पहिल्यांदा जे दिसतं त्यावर प्रेक्षकाचा जीव बसतो. गंगव्वाकडे शिरलं की पहिल्यांदा ती भिंत दिसायची, आणि माझा जीव तिच्यावरच बसला होता.

गंगव्वा शिवणक्लासला गेली होती, पण शाळा तिची दुसरीतच सुटलेली. आकडे तिला चांगले लिहिता यायचे, नावं यायची नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाच्या मापापुढे ती नावाऐवजी चित्र काढायची. दूधवालीपुढे चरवी, मास्तरणीपुढे छत्री. माझ्यापुढे चंद्रकोर होती.

"माझ्यापुढं चांद कशाला गं?" मी विचारलं होतं.

"तुम्ही नाटकवाल्या. रात्रीच्याच उगवता," ती म्हणाली आणि तोंडातली टाचणी सांभाळत हसली.

आकडे आणि चित्रं ती कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून जांभळ्या रंगात लिहायची, म्हणजे हात लागून पुसायला नकोत. पण त्यांच्या बाजूला शिवणीच्या खडूनं बारीक रेघा ओढलेल्या असायच्या. कुणाचा खांदा किती उतरता, कुणाची मान पुढे, कुणाचा गळा कसा. शिवणक्लासमध्ये हे शिकवत नाहीत. क्लासमध्ये छाती, कंबर, उंची, खांदा, बाही एवढंच माप, आणि बाकी सगळं छातीवरून काढायचं. गंगव्वाचं म्हणणं असं की आकड्यांनी बाई पोलक्यात मावते, पण पोलकं तिला बसत नाही.

आमची नाटक कंपनी बुडाल्यावर मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहिले होते. रंगमंचावरची माझी सगळी पोलकी गंगव्वानं शिवलेली. राणी असो की मोलकरीण, तिनं शिवलेलं अंगात घातलं की निम्मी भूमिका तिथंच जमायची. कंपनी गेली तरी मी दुपारची तिच्याकडे जाऊन बसायची. ती शिवायची, मी हूक लावायची, आणि दोघी मिळून गल्लीची उणीदुणी काढायचो.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी तिचा नवरा सिद्राम भिंतीला चुना लावायला उठला. गंगव्वा रडकुंडीला आली.

"माझा सगळा धंदा हाय त्या भिताडावर."

"मग काय जन्मभर तशीच ठेवायची? घर हाय का हिशेबाची पाटी?" सिद्राम म्हणाला.

तोडगा मी काढला. आमच्या कंपनीचे फोटो काढणारा रवळू तेव्हा बेळगावात स्टुडिओ चालवायचा. त्याच्या रोलमध्ये एक फोटो शिल्लक होता. त्याला मी भिंतीपुढे उभा केला. भिंतीवर उजेड पुरेना, म्हणून त्यानं दुकानात आलेल्या एका पोरीला खिडकीचा पडदा बाजूला धरायला सांगितलं. ती पोर म्हणजे अंजना.

अंजना निपाणीची. तिची आई तानीबाई विड्या वळायची, आणि अंजनाही कळायला लागल्यापासून मांडीवर सूप घेऊन तेच करत आलेली. वडगावच्या वाटेवर राहणाऱ्या भरमूला ती दिली होती. भरमू यंत्रमागावर कामाला. लग्नानंतरही तिचं सूप सुटलं नाही. इथल्या ठेकेदाराकडून पान-तंबाखू आणायची आणि दारात बसून वळायची. गंगव्वाच्या भिंतीवर तिच्यापुढे सुपाचं चित्र होतं.

रवळूनं फोटो छापून दिला तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. भिंत स्वच्छ उतरली होती, एकेक आकडा वाचता येत होता, पण कडेला पडदा धरलेली अंजनाही आली होती. तिचा फोटो त्याआधी कुणी काढलेला नव्हता आणि नंतरही काढला नाही. सिद्रामनं फोटोला चौकट केली. चुना लावलेल्या कोऱ्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीपासून थोड्या अंतरावर, तो टांगला. गंगव्वा त्या फोटोत बघून कापड कापू लागली. शिवाय नेहमीच्या बायकांचे कागदी खाके तिनं वर्तमानपत्राचे कापून तारेला लटकवले होतेच. वारा आला की ते हलायचे. बिनडोक्याच्या, बिनहाताच्या बायका.

दोन वर्षांनी, ऐन श्रावणात, अंजना गेली. ताप आला, कावीळ झाली, आठवडा निघाला नाही. जाण्याआधी ती गंगव्वाकडे एक हिरवा खण टाकून गेली होती. "नवमीच्या आत द्या हं. सासूबाईंच्या सासूची नवमी असती, मला वाढायचं असतंय," असं म्हणाली होती. ती नवमी म्हणजे पितृपक्षातली अविधवा नवमी. आमच्याकडे आहेव नवमी म्हणतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची, तिला लुगडं-चोळी द्यायची. पुढच्या नवमीला अंजनाचंच पान मांडलं गेलं. खण गंगव्वाच्या पेटीत तसाच राहिला. परत न्यायला कुणी आलं नाही, आणि परत द्यायला गंगव्वाचा पाय निघाला नाही.

वर्ष सरता भरमूचं दुसरं लग्न झालं. मुलगी कणकुंबीकडची, मालुबाई. उंच, काटक, बोलायला कमी. रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला होता, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्ती. ती दळायला निघाली तरी तो टाक मणिमंगळसूत्रात वाजायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या भाद्रपदात एका दुपारी ती गंगव्वाच्या दारात येऊन उभी राहिली. मी हूक लावत होते.

"मावशी, तिचा खण हाय का तुमच्याकडं?"

'तिचा' म्हणजे कुणाचा हे आम्हा दोघींना विचारावं लागलं नाही. गंगव्वानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"हाय. कोण मागतंय?"

"आत्याबाई." म्हणजे तिची सासू, यशोदाबाई. "म्हणतात, खण अंगाला न लागता ऱ्हायला, म्हणून ती घर सोडंना. तिच्याच मापानं शिवून आणायचा. नवमीला सवाष्णीच्या अंगात घालायचा. तिच्याच मापाचा पायजे. नीट बसला म्हणजे तिनं घेतला."

"आणि न्हाय बसला तर?"

मालुबाई उंबऱ्यावर बसली. मग एका दमात सगळं सांगून गेली. पोटातलं एक गेलं होतं. भरमूचा हात मागात सापडून दोन बोटं फुटली होती. आणि दुपारी घरात कुणी नसताना तिला कात्रीचा आवाज यायचा. बारीक कात्री, पान कापल्यासारखी, कच, कच, कच. तंबाखूचा वास यायचा. त्या घरात आता कुणीच विड्या वळत नव्हतं.

"आत्याबाई म्हणाल्या, तिनं न्हाय घेतलं तर तू माहेरी जा. तुझ्या पायानं भरमूचा जीव जाईल. मावशी, तिकडं भाऊ हाईत, भावजया हाईत. एकदा गेल्यावर मला परत कशाला आणतील हे?"

सिद्राम आतून बाहेर आला. "भूतबित काय नसतंय गं बाय. घरात उंदीर झाले असतील."

"उंदीर तंबाखू खात न्हायत," मालुबाई म्हणाली, आणि सिद्राम मान हलवत आत गेला.

गंगव्वानं पेटी उघडून खण काढला. कडेनं घडीची रेघ पडली होती, रंग मात्र जसाच्या तसा. "शिवते," ती म्हणाली. "मापाची तू काळजी करू नको. माप माझ्याजवळ हाय."

मालुबाई गेल्यावर गंगव्वानं स्टूल घेतलं. फोटोच्या चौकटीवर तिनं गिरणीचं कॅलेंडर अडकवलं होतं, कारण नवी गिऱ्हाइकं आली तशी तिची मापं पुन्हा भिंतीवरच चढली होती आणि जुन्या फोटोत बघायची वेळ क्वचित यायची. तिनं कॅलेंडर काढलं. चौकट होती, काच होती, मागचा पुठ्ठा होता. मधला फोटो नव्हता.

आम्ही पुठ्ठा काढून बघितला. भिंतीशी खाली पडला असेल म्हणून वाकून बघितलं. गंगव्वा मग तारेकडे वळली. एकेक कागद सरकवत गेली. चरवीवाली होती, छत्रीवाली होती, माझाही खाका होता, कुठल्याशा सिनेमाच्या जाहिरातीतून कापलेला. अंजनाचा नव्हता. तिच्या जागी तारेवर नुसती टाचणी होती.

"आक्का," गंगव्वा म्हणाली, "माझ्या घरात ह्या गोष्टी मी मानत न्हाय."

"मला म्हाईत हाय."

"मग माझ्या अंगावर काटा का आला?"

मापाला म्हणून अंजनाचं जुनं पोलकं मिळतंय का, हे विचारायला मी भरमूकडे जाऊन आले. तिचे काही कपडे तिच्याबरोबर गेले होते, उरलेले वाटून टाकले होते. रवळू स्टुडिओ बंद करून लोंढ्याला निघून गेला होता, जुन्या निगेटिव्ह कुणाला विकल्या हेही कुणाला ठाऊक नव्हतं. गंगव्वा आठवायला बसली. उंची चौदा की साडेचौदा? खांदा तेरा? तिला प्रत्येक आकड्याची दुसऱ्या कुणाशी तरी गल्लत व्हायला लागली. आयुष्यभर भिंतीवर ठेवलेली मापं डोक्यात राहत नाहीत. माझे कितीतरी संवाद असे पडद्याआडून ओळी सुचवणाऱ्या माणसाच्या भरवशावर होते.

पाऊस त्या वर्षी हटला नव्हता. भिंती ओल धरून फुगल्या होत्या, चुन्याचे पोपडे सुटत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा गंगव्वा मशीनवर बसली नव्हती. मागच्या भिंतीपुढे उभी होती. तिनं माझ्याकडे न बघता नुसतं बोट केलं.

तसबिरीखाली, जिथं ओल जास्त होती, तिथं चुन्यातून जांभळा डाग वर आला होता. डाग पसरला होता, पण त्याचा आकार मोडला नव्हता. एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला रुंद. सूप. त्याच्याखाली आकडे. बत्तीस. अठ्ठावीस. साडेचौदा. तेरा. सहा. शेवटचा दहा, बाहीचा घेर.

कॉपिंग पेन्सिलीचा रंग पाण्यानं जागा होतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं. भिंत ओली झाली, रंग चुन्यातून वर आला, एवढंच. पण शेजारची चरवी वर आली नव्हती. छत्री वर आली नव्हती. माझी चंद्रकोरही नाही.

गंगव्वानं हात जोडले नाहीत. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, आकडे मोठ्यानं वाचले आणि मला वर्तमानपत्राचा मोठा कागद आणायला सांगितला.

तिला आखताना मी शेकडो वेळा बघितलं होतं. त्या दिवशी तिचा हात जपून चालला होता. कागद दुमडला. साडेचौदाची उंची, खाली दुमडायला जादा एक इंच. दुमडीपासून खांद्याचा निम्मा भाग, साडेसहा. छातीचा चौथा भाग आठ, आणि शिवणीत जाणारं जादा कापड, म्हणजे माया, वेगळी. बत्तीसच्या छातीवरून मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची, खोली काढली, पाठीचा मुंढा उथळ, पुढचा जास्त कोरलेला. कमरेचा चौथा भाग सात, त्यात टक्सचं, म्हणजे आत घ्यायच्या चुण्यांचं, कापड मिळवलं. कागद कापून झाला. खणाला मात्र तिनं हात लावला नाही. खण अरुंद, एका पोलक्यापुरताच. एक चूक झाली तर दुसरा तुकडा नव्हता. तिनं आधी मांजरपाटाचं कच्चं पोलकं टाचून घेतलं आणि मालुबाईला निरोप धाडला. मालुबाईचीही छाती बत्तीसच होती.

मालुबाईनं ते घातलं. सुरेख बसलं. पाठीला सुरकुती नाही, मुंढ्यात ओढ नाही.

"झालं की!" मी म्हणाले.

गंगव्वा मात्र तिच्याभोवती फिरत राहिली. फिरता फिरता तिचा चेहरा उतरला.

"हे तिचं न्हाय. हे बत्तीसचं हाय. ह्या गल्लीत बत्तीसच्या ढीगभर बाया हाईत, सगळ्यांना बसंल." ती पाटावर बसली. "खडूच्या रेघा होत्या आक्का. त्या न्हाय आल्या वर. तिची पाठ सरळ नव्हती. किती वाकलेली, कुठून वाकलेली, तेच मला दिसंना झालंय."

मालुबाई हळू आवाजात म्हणाली, "कुणाला कळणार हाय?"

"मला," गंगव्वा म्हणाली. "आणि तुझ्या सासूला. इतकी वर्षं ती त्या पाठीकडं बघत बसली व्हती."

मी काय केलं ते सांगते. फार मोठं काही नव्हतं. नटीला एकच गोष्ट येते, दुसऱ्याची चाल उचलणं. कंपनी बुडाल्यावर माझं खाणं आटलं होतं, त्यामुळे त्या दिवसांत मीही बत्तीसवर आले होते. मी ते कच्चं पोलकं घातलं, गंगव्वाच्या स्वयंपाकघरातलं सूप आणलं आणि खिडकीखाली मांडी घातली. अंजना मला येता-जाता रोज दारात विड्या वळताना दिसायची. उजव्या हातात कात्री असायची म्हणून उजवा खांदा खाली. मान पुढे, सुपात. तंबाखूची बोटं केसांना लागू नयेत म्हणून बट मागे सारायची ती मनगटाच्या मागच्या बाजूनं. विडीला दोरा गुंडाळला की एक बारीक खोकला.

मी वाकले. पाठीवर कापड ताणलं. खाली कमरेवरून पोलकं वर सरकलं, मानेमागे गळा उघडा पडला, आणि पुढे छातीवर मोकळं कापड जमा झालं.

"हलू नका!" गंगव्वा ओरडली.

ती माझ्या पाठीमागे गुडघ्यावर आली. तिच्या टाचण्या मला कापडातून जाणवत होत्या. मागच्या दोन्ही मुंढ्यांच्या मध्ये तिनं शिवण उसवून पट्टी घातली. मानेपासून पाठीच्या फुगवट्यापर्यंत उंची वाढवली. पुढून तितकंच कमी केलं. "पाठ जास्त, पुढा कमी. बेरीज तीच, बत्तीसच," ती पुटपुटत होती. "म्हणून आकड्यात काही दिसलं न्हाय." मग उजवा खांदा. खांद्याची शिवण तिनं बाहेरच्या टोकाला खाली घेतली आणि त्या बाजूचा मुंढाही तेवढाच खाली कोरला.

मी खोकले. ठरवून खोकले नाही, पण खोकला त्या जागी आला. बट मनगटानं मागे सारली.

"अंजे?"

दारात यशोदाबाई उभ्या होत्या. सुनेला इतका वेळ का लागला म्हणून बघायला आल्या होत्या. खिडकीचा उजेड माझ्या पाठीवर होता आणि तोंड त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी चौकट धरली.

"अंजे, कवा आलीस गं?"

मी वळायला हवं होतं. रंगमंचावर मी कित्येकदा मेलेल्या माणसांची कामं केली आहेत, पण कुणी मला मेलेल्याच्या नावानं एवढ्या मायेनं हाक मारली नव्हती. मालुबाई भिंतीला टेकली होती. तिनं गळ्यातला टाक मुठीत धरला होता. गंगव्वानंच शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला वळवलं.

"आक्का हाईत, यशोदाबाई. माप घेतोय."

यशोदाबाई आल्या पावली निघून गेल्या.

त्यानंतर गंगव्वानं खण कापला. दुमडून नाही. खांदे सारखे नव्हते म्हणून एकेरी कापडावर, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. बाहीला खणाचा काठ आला. ती शिवत असताना मी हूक हातात घेऊन बसले होते, पण त्या दिवशी आम्ही कुणाचीही उणीदुणी काढली नाहीत.

नवमीच्या दिवशी आम्हा दोघींना भरमूच्या घरी बोलावणं होतं. गंगव्वा पोलकं कागदात गुंडाळून घेऊन आली. निपाणीहून तानीबाईही आली होती. भरमूच बाजाराच्या दिवशी जाऊन तिला सांगून आला होता, चोळी शिवायची आहे आणि मापाचा फोटो काही सापडत नाही म्हणून. ती कोपऱ्यात बसली होती. पांढरं लुगडं, मांडीवर पिशवी, आणि अगदी तसाच खाली उतरलेला उजवा खांदा.

सवाष्ण म्हणून समोरच्या घरच्या अंबुबाईला सांगितलं होतं. पान मांडलं, पण तिचा पत्ता नाही. शेवटी तिच्या पोराबरोबर निरोप आला, आईचं अंग दुखतंय. यशोदाबाई कडवट हसल्या.

"अंग न्हाय दुखत. मेलेल्या बाईच्या मापाचं घालायला कोण येतंय? कोण न्हाय येणार."

पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत, पण सगळ्यांना ऐकू आलं. पान रिकामं गेलं तर मालुबाईनं सकाळच्या एसटीनं जायचं. दारामागे तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं मला येतानाच दिसलं होतं. ते कुणी बांधलं होतं, तिनं की सासूनं, हे मला आजही माहीत नाही.

"ही का न्हाय?" कोपऱ्यातून तानीबाई म्हणाली. "ही पण सवाष्णच हाय."

"घरचीच? सवतीची चोळी सवतीनं?" यशोदाबाई म्हणाल्या.

"माझी पोर हिच्या गळ्यात दिसभर लटकतीया. चोळीनं काय बाटणार हाय?"

मालुबाई आत जाऊन पोलकं घालून आली. ती उंच, ताठ. पाठीवर मानेखाली कापडाच्या आडव्या वळ्या पडल्या होत्या, उजव्या मुंढ्याखाली झोळ आला होता. कुणाही शिंप्याला लाज वाटावी असं दिसत होतं. यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला.

"बगा. न्हाय घेतलं. न्हाय घेतलं तिनं."

भरमू उंबऱ्यावर बसला होता, तो उठून बाहेर गेला. गंगव्वानं माझ्याकडे बघितलं, पण मला सुचायच्या आधी तानीबाई उठली होती. तिनं चुलीमागचं सूप घेतलं, मालुबाईच्या हाताला धरून तिला पानापाशी खाली बसवलं आणि सूप तिच्या मांडीवर ठेवलं.

"बस पोरी. वाक. सुपात बघ. आजून वाक."

मालुबाई वाकली. मानेखालच्या वळ्या एकेक करून गेल्या. उजवा खांदा सुपाकडे उतरला तसा झोळ भरला. पाठीवर हिरवं कापड असं बसलं की शिवण कुठे आहे ते दिसेना. त्याच वेळी मला तंबाखूचा वास आला. तानीबाईच्या पिशवीचा असेल. मी विचारलं नाही.

तानीबाई मालुबाईच्या मागे बसली आणि तिनं त्या पाठीवरून हात फिरवला. विधवेनं सवाष्णीच्या नव्या चोळीला त्या दिवशी हात लावू नये म्हणतात. यशोदाबाईंनी अडवलं नाही.

"ही तिचीच," तानीबाई म्हणाली. मग तिनं पिशवीतून दोन वस्तू काढून गंगव्वापुढे ठेवल्या. एक वर्तमानपत्राचा खाका, घड्यांवर फाटलेला. दुसरा रवळूचा फोटो. "तिच्या तेराव्या दिसाला तुझ्याकडं आलते तवा तू चहा ठेवाय आत गेलतीस. मी उचललं. माझ्याकडं तिचं काय नव्हतं गं. अंगाचा कागद तरी होता. आणि हितं ती उभी हाय."

गंगव्वा रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं फोटो हातात घेतला. आम्ही सगळ्या वाकून बघायला लागलो. भिंत स्वच्छ, एकेक आकडा स्पष्ट. कडेला अंजना. रवळूनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं तेव्हा ती हलली असणार, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा होता. पडदा धरलेला हात दिसत होता, वेणी दिसत होती, उतरलेला खांदा दिसत होता. तानीबाई दोन वर्षं त्या फराट्याकडे बघत राहिली होती.

गंगव्वानं खाका जमिनीवर पसरला. तो सरळ होता. दोन्ही खांदे सारखे, पाठ नेहमीची.

"हा पहिल्यांदा आली तवाचा," ती हळूच म्हणाली. "लगीन होऊन आलती तवाचा. नंतर मी कागद बदललाच न्हाय. दरवेळी कापडावर हातानंच सरकवत गेले. हा सापडला असता तर मी ह्याच्यावरनंच कापलं असतं."

"म्हंजे?" मालुबाईनं सुपातून मान वर न करता विचारलं.

"म्हंजे ती वाकायच्या आधीची चोळी झाली असती. ती चोळी तिनं घेतली नसती."

यशोदाबाईंनी पानावर वाढायला घेतलं. मालुबाई तशीच वाकून जेवली. जेवून होईपर्यंत एकदाही ताठ झाली नाही. नंतर यशोदाबाईंनी तिची ओटी भरली आणि दारामागचं गाठोडं स्वतः उचलून आतल्या खोलीत नेलं. बस्स, एवढंच झालं. भरमू संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको चुलीपुढे होती.

फोटो आणि खाका गंगव्वानं तानीबाईच्या पिशवीत परत ठेवले.

कात्रीचा आवाज थांबला का, हे मी मालुबाईला पुष्कळ पुढे एकदा विचारलं. तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती. ती म्हणाली, "येतोय की कवा कवा. आता मी पण सूप घिऊन बसती. तिचं तिचं चालतंय, माझं माझं." मग लाजून म्हणाली, "पाठ पण थोडी वाकली हाय. चोळी आता उभ्यानंच बसती."

गंगव्वा पुढे बरीच वर्षं शिवत होती. खाके ठेवायचं तिनं सोडून दिलं. नवं गिऱ्हाईक आलं की माप घेण्याआधी ती विचारायची, "दिसभर काय काम करतीस? बसून दाखव बरं." बायका हसायच्या, पण बसून दाखवायच्या. धुणं धुणारी उकिडवी बसायची, मास्तरीण खुर्ची मागायची.

दर दिवाळीला सिद्राम त्या जागेला चुना लावायचा आणि दर भाद्रपदात भिंत ओली झाली की तसबिरीखाली जांभळं सूप वर यायचं. दर वर्षी थोडं फिकं, थोडं पसरलेलं. आकडे वाचता येईनासे झाले तरी त्या जागेवर गंगव्वानं दुसऱ्या कुणाचं माप कधी लिहिलं नाही. मी दुपारची हूक लावायला जाऊन बसले की माझीही नजर तिकडे जायची, आणि नकळत माझा उजवा खांदा खाली उतरायचा.

"सरळ बसा आक्का," गंगव्वा मशीनवरून डोकं न उचलता म्हणायची. "तुमचं माप बिघडतंय."